सोळा, बारा, आठ आणि चार

म्हाइंभटांनी तेराव्या शतकात लीळाचरित्र सिद्ध केले ते आमच्या रिद्धपुरात. तेव्हा इथल्या मराठीच्या निवृत्त मास्तराचा त्या ग्रंथावर जीव असणारच. तो जीव मी शेजारच्या मुलीच्या सराव परीक्षेत ओतला आणि तिचे नुकसान केले.

ती बी.ए.ला. माझ्या 40 गुणांच्या पत्रिकेत तिला 33 पडले; आम्ही पेढे खाल्ले. कॉलेजच्या परीक्षेत मात्र 3 गुण कमी पडून विषय राहिला. “काका, सकळ लिपीचा प्रश्न कोराच सोडला जी. तुमच्या पेपरात लिपी होतीच कुठी?”

मी माझी पत्रिका काढून मोजली. एकट्या लीळाचरित्रावर 24 गुण, लिपीवर शून्य!

फेरपरीक्षेआधी मी प्रशिक्षणात शिकलेला आणि आळसाने विसरलेला संविधान तक्ता आखला. डावीकडे घटक, वर प्रश्नांचे प्रकार. अभ्यासक्रमात लीळाचरित्राला 16 तासिका, गोविंदप्रभु-चरित्राला 12, महदंबेच्या धवळ्यांना 8 आणि सकळ लिपीला 4. बेरीज 40 च, म्हणून तासाला एक गुण.

मग आडव्या ओळी. दीर्घोत्तरी 2 प्रश्न, प्रत्येकी 8 गुणांचे; लघुत्तरी 4, प्रत्येकी 4 गुणांचे; एकेका गुणाचे 8. लिपीत अक्षराच्या जागी दुसरे अक्षर येते; तिथे निबंध कशाला? चार शब्द उलगडायला दिले, 4 गुण झाले. धवळ्यांना दोन लघुत्तरी. दोन्ही चरित्रांना एकेक दीर्घोत्तरी आणि एकेक लघुत्तरी. उरलेले चार एकगुणी लीळाचरित्राला. उभी-आडवी बेरीज जुळली, तेव्हाच प्रश्न लिहायला बसलो. आधी प्रश्न सुचू दिले की तक्ता मागाहून त्यांच्या सोयीने वाकतो.

एक चोरवाट मात्र तक्त्यात दिसत नाही. पूर्वी मी ‘सहापैकी कोणतेही चार’ असे उदारपणे लिहीत असे. त्यात अख्खा घटक गाळता येतो. आता पर्याय दिला तो त्याच घटकातला, तेवढ्याच गुणांचा आणि तेवढ्याच अवघडपणाचा. एकीकडे ‘धवळ्यांचा विषय सांगा’ आणि दुसरीकडे ‘न वाचलेल्या ओळींचा अर्थ लावा’ असे ठेवले, तर दुसऱ्याला कोण हात लावील?

शेवटी घड्याळ लावून स्वतः उत्तरे लिहिली. मला 45 मिनिटे लागली. तिला दुप्पट, म्हणजे दीड तास दिला.

या वेळी तिला 26 च पडले. तिचा चेहरा उतरला. मी गुण घटकवार मांडले: 16 पैकी 13, 12 पैकी 8, 8 पैकी 3, 4 पैकी 2. माझे बोट तिसऱ्या आकड्यावर थांबले.

“काका,” ती हळूच म्हणाली, “धवळे मी वाचलेच नाहीत. मागच्या पेपरात ते सोडता येत होते ना!”

फेरपरीक्षेला अजून अकरा दिवस होते. मी कपाटातून धवळ्यांचे पुस्तक काढले.