नकाराच्या पत्रामागची फाइल

आई-बाबांचा कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा नाकारल्याची पत्रं 2024 साली आली. दोन अर्ज, दोन पत्रं, मजकूर मात्र एकच. मुक्काम संपल्यावर तुम्ही कॅनडा सोडून जाल याची खात्री पटत नाही, आणि त्याची कारणं दोन: तुमची आर्थिक स्थिती आणि कॅनडाबाहेरचे तुमचे कौटुंबिक संबंध. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, पेन्शन सुरू, कराडला स्वतःचं घर, त्याच घरात माझा भाऊ, वहिनी आणि दोन नातवंडं. पत्र वाचून बाबा फोनवर म्हणाले, "अगं, एवढं सगळं असताना आम्ही तिकडे राहून काय करणार?" त्यांच्या प्रश्नाचं उत्तर पत्रात नव्हतं. अशी पत्रं ठरावीक वाक्यांतून तयार होतात. कोणत्या कागदावर अधिकाऱ्याचं मन अडलं, हे त्यांतून कळत नाही.

घरात सगळ्यांचं मत पडलं की लगेच पुन्हा अर्ज करावा. आमच्या मंडळात इमिग्रेशनचं काम करणाऱ्या एक ताई आहेत, त्यांनी मला थांबवलं. "आधी नोट्स मागवा. कशावर बोट ठेवलंय ते कळल्याशिवाय तोच अर्ज परत दिलात, तर तोच निकाल येईल."

नोट्स म्हणजे जीसीएमएस नोट्स. इमिग्रेशनचा प्रत्येक अर्ज कॅनडात जीसीएमएस या संगणक प्रणालीत नोंदला जातो. अर्ज कधी आला, बोटांचे ठसे कधी जुळवले, कोणत्या तपासणीचा काय निकाल लागला आणि अधिकाऱ्याने निर्णय देताना काय लिहिलं, हे सगळं तिथे असतं. ती नोंद मागण्याचे कायदेशीर मार्ग दोन आहेत. माहिती मिळवण्याच्या कायद्याखाली कॅनडाचा नागरिक, कायम रहिवासी किंवा कॅनडात हजर असलेली कोणीही व्यक्ती अर्ज करू शकते, शुल्क पाच डॉलर. दुसरा खासगीपणाचा कायदा. त्याखाली माणूस स्वतःची माहिती स्वतः मागतो, शुल्क नाही, आणि 2022 च्या जुलैपासून कॅनडाबाहेरच्या परदेशी माणसालाही हा हक्क आहे. म्हणजे बाबा कराडहूनही मागू शकत होते. त्यांना ऑनलाइन अर्जाची सवय नाही आणि मी कॅनडातच राहते, म्हणून मी पहिला मार्ग घेतला.

त्यासाठी आई आणि बाबा या दोघांच्या सहीचं संमतिपत्र लागलं. नवरा-बायको असले तरी फाइली वेगळ्या असतात, त्यामुळे एकाच्या सहीवर दुसऱ्याची फाइल मिळत नाही. अर्ज क्रमांक आणि पत्रावरचा ग्राहक क्रमांक तंतोतंत लिहावा लागतो. ताईंनी आणखी एक गोष्ट सांगितली आणि तीच पुढे कामाला आली. फक्त नोट्स मागू नका, अर्जासोबत पोचलेल्या सगळ्या कागदपत्रांची प्रतही मागा. नोट्समधून अधिकाऱ्याला काय वाटलं ते कळतं, त्याच्यासमोर नेमके कोणते कागद होते ते पूर्ण फाइलमधूनच कळतं.

कायद्याने उत्तराची मुदत 30 दिवसांची आहे, पण इमिग्रेशन खातं कळवून ती वाढवू शकतं. आमची मुदत वाढली, मग दोन पीडीएफ आल्या. सुरुवातीची बरीच पानं तारखांची आणि संकेतांची होती. मी थेट निर्णयाच्या तारखेची नोंद शोधली. बाबांच्या फाइलमधली ती नोंद मोजक्या ओळींची होती, तिचा आशय असा: अर्जाच्या थोडं आधी खात्यात मोठी रक्कम जमा, तिच्या उगमाचा पुरावा नाही, काही कागदपत्रं इंग्रजी किंवा फ्रेंचमध्ये नाहीत, भाषांतर जोडलेलं नाही, मुलगी कॅनडात, पत्नी सोबत येणार, मायदेशी ओढून नेणारं फारसं काही दिसत नाही.

ती रक्कम होती अठरा लाखांची, कराडजवळचा एक प्लॉट विकल्याची. खरेदीखत बाबांनी अर्ज भरून देणाऱ्या एजंटकडे दिलं होतं. मी फाइलची पानं उलटत गेले. खरेदीखत होतं, सातबारा होता, भावाचं कुटुंब दाखवणारं रेशनकार्ड होतं, सगळं जसंच्या तसं मराठीत. पुरावा पोचला होता, पण वाचणाऱ्याला त्यातलं अक्षरही कळणार नव्हतं. पैशांची शंका आणि नातेसंबंधांची शंका, दोन्हींचं मूळ एकच निघालं. नकाराच्या पत्रात मात्र भाषांतराचा उल्लेखही नव्हता.

एका ठिकाणी मजकूर झाकलेला होता आणि कडेला कलमाचा क्रमांक होता. सुरक्षा, तपास किंवा दुसऱ्या माणसाची खासगी माहिती अशा कारणांनी मजकूर वगळता येतो. तो चुकीने वगळलाय असं वाटलं, तर 60 दिवसांत माहिती आयुक्तांकडे विनाशुल्क तक्रार करता येते. आमचं कारण उघड्या ओळींत मिळालं होतं, म्हणून आम्ही त्यात पडलो नाही.

दुसरा अर्ज त्या नोंदीला समोर ठेवून बांधला. घरातल्या माणसाने केलेलं भाषांतर चालत नाही, त्यामुळे मला मराठी-इंग्रजी दोन्ही येऊनही उपयोग नव्हता. साताऱ्याच्या एका भाषांतरकाराकडून खरेदीखत, सातबारा आणि रेशनकार्डाचं भाषांतर करून घेतलं, त्यांचं प्रतिज्ञापत्र जोडलं. बँकेच्या पासबुकात अठरा लाखांच्या ओळीवर खूण केली आणि खरेदीखतातली रक्कम व तारीख तिच्याशी जुळते हे पत्रात लिहिलं. पेन्शनचा दाखला आणि भावाचं पत्र दिलं. आधीचा अर्ज नाकारल्याचं स्पष्ट सांगितलं आणि प्रत्येक शंकेला क्रमाने उत्तर दिलं. व्हिसा मिळाला.

या मार्गाच्या मर्यादाही माहीत असाव्यात. फाइल मागवल्याने निर्णय बदलत नाही आणि कोर्टाची मुदत थांबत नाही. कॅनडाबाहेर दिलेल्या निर्णयाविरुद्ध फेडरल कोर्टात जायला 60 दिवस असतात, आणि फाइल यायलाच त्यातले बरेच संपू शकतात. कोर्टाचा विचार असेल तर फाइलची वाट न पाहता आधी वकिलाला भेटावं. अर्ज नुसता रखडला असेल, तर पात्रता आणि सुरक्षा तपासणीच्या नोंदी बघाव्यात. पात्रता पूर्ण आणि सुरक्षा अजून चालू असेल, तर अडकलंय कुठे ते कळतं. पण त्या तपासणीतली सीमा सेवा आणि गुप्तचर यंत्रणा वेगळी खाती आहेत, त्यांच्याकडे वेगळा अर्ज करावा लागतो. शिवाय नोट्स म्हणजे त्या दिवसापर्यंतची नोंद, पुढचं काही त्यात नसतं.

2025 च्या जुलैपासून काही प्रकारच्या नकारपत्रांसोबत अधिकाऱ्याच्या नोट्स जोडून येऊ लागल्या आहेत, त्यांत व्हिजिटर व्हिसाही आहे. ही चांगली गोष्ट आहे. तरी आपले कोणते कागद तिथे पोचले हे बघायचं असेल, तर पूर्ण फाइल अजूनही मागूनच घ्यावी लागते. तुमच्या घरात असं पत्र आलं, तर घाईने पुन्हा शुल्क भरू नका. आधी फाइल मागवा, तिच्यातली निर्णयाची नोंद शोधा, आणि नवा अर्ज त्या नोंदीचं उत्तर म्हणून लिहा.