‘अब्बा गेले, आज येत नाही’

नवी मुंबईतल्या आमच्या शाळेच्या ग्रुपवर एका पहाटे मेसेज आला : ‘अब्बा गेले, आज येत नाही.’ कुणाला वाटले, अब्बा गावी गेले. त्यांनी अंगठा टाकला. चूक उमगली तेव्हा जनाजा निघाला होता.

अशा वेळी माणूस असेच लिहितो. पण कार्यालयाला अर्ज हवा होता. तो आम्ही लिहिला, सरांना फोनवर वाचून दाखवला, त्यांनी होकार दिल्यावर पाठवला :

‘मा. मुख्याध्यापक, माझ्या वडिलांचे आज पहाटे म्हसळा येथे निधन झाले. दफनविधीसाठी मी गावी आलो आहे. सोमवार ते बुधवार अशी तीन दिवसांची नैमित्तिक रजा मंजूर करावी, ही नम्र विनंती. सहावीच्या वह्या कपाटात आहेत.’

‘गेले’च्या जागी ‘निधन’ आले, म्हणजे गैरसमज नको. नाते, कारण, दिवस आणि वर्गाची सोय एवढे पुरे. आजाराचा तपशील किंवा माफी लागत नाही.

मग उत्तर. ‘कसे झाले?’ हा प्रश्न आम्ही खोडला. प्रत्येकाला तेच सांगताना माणूस पुन्हा मोडतो. ‘इन्ना लिल्लाहि’ने सुरुवात करून लिहिले : ‘सर, अल्लाह मरहूमांची मगफिरत करो, घरच्यांना सब्र देवो. सहावीचे तास आम्ही घेतो. उत्तराची घाई नाही.’

पुढे एका हिंदू बाईंची आई वारली. तेव्हा सुरुवात बदलली : ‘बाई, आईंचे ऐकून फार वाईट वाटले.’ तासांची ओळ तीच ठेवली.