बक्षीस पैशाचं नाही, जागेचं!

ड्रॉपबॉक्सने ग्राहकांनाच आपले प्रचारक बनवलं, एवढं मी ऐकून होते. पण ते नेमकं कसं केलं हे परवा टप्प्याटप्प्याने वाचलं आणि तेव्हापासून भेटेल त्याला तेच सांगत सुटले आहे! केवढी साधी आणि केवढी पक्की रचना आहे ती!

फायली इंटरनेटवर साठवून देणारी ही कंपनी सुरुवातीला गूगलवर जाहिराती देत होती. वर्षाला 99 डॉलर देणारा एक ग्राहक मिळवायला तिला 233 ते 388 डॉलर खर्च येत होता. मग तिने मार्ग बदलला. मित्राला बोलवा, तुम्हाला 250 एमबी जादा जागा आणि मित्रालाही तेवढीच. दोघांनाही मिळतं, ही यातली पहिली गंमत. बोलावणाऱ्याला संकोच वाटत नाही, कारण तो मित्राच्या जिवावर कमवत नसतो, त्यालाही काहीतरी देत असतो.

दुसरी गोष्ट तर मला फारच आवडली. रोख पैसे सगळ्यांनाच हवे असतात, ज्याला ती सेवा नकोय त्यालाही. म्हणून रोख बक्षीस लावलं की खोटी खाती उघडणारे हमखास येतात. साठवणुकीची जागा मात्र त्यालाच हवी असते, ज्याच्या फायली 2 जीबीच्या फुकट खात्यात मावेनाशा झाल्या आहेत. म्हणजे बक्षिसाचा मोह फक्त खऱ्या, खूश ग्राहकालाच होणार!

तरी लबाडी करणारे असतातच. त्यांच्यासाठी दोन कुलपं होती. नुसतं नाव नोंदवून बक्षीस मिळत नसे. मित्राने आपल्या संगणकावर ड्रॉपबॉक्स उतरवून घेऊन त्यात लॉगिन केलं, की मगच जागा वाढायची. खोटे ईमेल पत्ते बनवणं सोपं, पण दर वेळी नवा संगणक कुठून आणणार? आणि कुणी त्यातूनही वाट काढलीच, तरी दुसरं कुलूप होतंच: बक्षिसाची कमाल मर्यादा. तेवढे मित्र झाले की संपलं. लबाडाने कितीही डोकं चालवलं, तरी कंपनीचं नुकसान तिथेच थांबणार.

याचं फळ? सप्टेंबर 2008 मध्ये सुमारे 1 लाख असलेले वापरकर्ते जानेवारी 2010 पर्यंत 40 लाख झाले. सहसंस्थापक ड्रू ह्यूस्टन यांनी सांगितलं, की या योजनेमुळे नोंदणी कायमची 60 टक्क्यांनी वाढली.

अर्थात, ज्या मालाचा आणखी थोडा वाटा ग्राहकाला खरोखर हवा असतो, तिथेच हे चालतं. आयुष्यात एकदाच घ्यायच्या वस्तूला ते लागू होणार नाही. पण तुमचा व्यायामशाळेचा, शिकवणीचा किंवा डब्यांचा व्यवसाय असेल, तर आजच करून बघा: बक्षीस आपल्याच सेवेतलं ठेवा, दोघांनाही द्या, मित्र खरोखर येऊ लागल्यावरच द्या आणि मर्यादा आधीच जाहीर करा.