शेजारच्या घराचा भाव, आपल्या घराची किंमत

घर विकायला काढले की घरातला प्रत्येक माणूस एक आकडा सांगतो. तो आकडा कुठून आला, हे मात्र कोणी सांगत नाही. गेल्या वर्षी माझ्या मोठ्या बहिणीचा कल्याण पूर्वेतला फ्लॅट विकण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा हेच झाले. दाजी जाऊन चार वर्षे झालेली. ताईचे गुडघे दुखतात. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आणि इमारतीला लिफ्ट नाही. बदलापूरला तळमजल्यावरचे एक लहान घर तिने साडेएकवीस लाखांना ठरवले होते आणि एक लाख रुपये बयाणा दिला होता. चार महिन्यांत पैसे भरले नाहीत तर बयाणा बुडणार, असा कागद झाला होता.

भाचा म्हणाला, "मामा, तीस लाखांच्या खाली बोलायचेच नाही. समोरच्या इमारतीत सात हजार तीनशेचा भाव चालू आहे." पहिला एजंट आला. त्याने खोल्या पाहिल्या, खिडकीतून खालच्या गल्लीतला निळा झेंडा पाहिला आणि म्हणाला, "साडेवीस लाख मिळतील. काका, तुमच्या वस्तीचा भाव वेगळा असतो. इथे बाहेरचे गिऱ्हाईक येत नाही."

एकाच घराच्या दोन आकड्यांत साडेनऊ लाखांचा फरक होता. तीस लाख मागून चार महिने गिऱ्हाईक आले नसते तर ताईचा बयाणा गेला असता. साडेवीसला दिले असते तर नवे घरही आले नसते. वस्तीबद्दलचे बोलणे मला झोंबले, पण रागाने भाव ठरत नाही. म्हणून मी दोन्ही आकडे बाजूला ठेवले आणि आसपासची घरे खरोखर कितीला विकली गेली ते शोधायला लागलो.

जाहिरातीतला भाव हा मागितलेला भाव असतो, मिळालेला नसतो. मिळालेला भाव दुय्यम निबंधकाकडे नोंदलेल्या दस्तात असतो. त्या दस्ताचा गोषवारा म्हणजे सूची क्रमांक दोन, ज्याला सगळे इंडेक्स टू म्हणतात. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर तो विनाशुल्क शोधता येतो. त्यासाठी जिल्हा, गाव, वर्ष आणि जमिनीचा सर्व्हे नंबर लागतो. हा नंबर आपल्या जुन्या करारनाम्यात असतो. भाच्याने एका रविवारी बसून आमच्या इमारतीचे आणि मागच्या-पुढच्या इमारतींचे वर्षभराचे इंडेक्स टू काढले.

त्या कागदावर दोन रकमा असतात. 'मोबदला' म्हणजे घेणाऱ्याने दिलेली नोंदलेली किंमत. 'बाजारभाव' म्हणजे सरकारी रेडी रेकनरप्रमाणे धरलेली किंमत. आपल्याला पाहायचा तो मोबदला. रेडी रेकनर एका मोठ्या विभागाला एक दर लावतो, त्यामुळे तुमच्या घराचे चांगले-वाईट त्याला पूर्ण कळत नाही. मात्र मोबदला आणि बाजारभाव अगदी जुळत असतील तर जरा थांबावे. काही पैसे रोख देऊन कागदावर कमी रक्कम दाखवल्याची शक्यता तिथे असते. बँकेचे मोठे कर्ज काढून घेतलेल्या घराचा मोबदला जास्त भरवशाचा, कारण कर्ज कागदावरच्या रकमेवर मिळते. कर्ज होते की नाही हे सोसायटीच्या सेक्रेटरीला माहीत असते, कारण बँक सोसायटीचे पत्र मागते.

आम्हाला चार व्यवहार मिळाले. त्यातला एक चौदा लाखांचा होता. घेणारा आणि देणारा यांचे आडनाव एकच होते. चौकशी केली तर सख्खे भाऊ निघाले. असा व्यवहार हिशेबात धरायचा नाही. उरले तीन, आणि तिन्ही घरे कर्ज काढून घेतलेली.

इथे एजंटच्या साडेवीस लाखांचा उलगडा झाला. मागच्या इमारतीतला एक फ्लॅट २५ लाख ८० हजारांना गेला होता. कागदावर क्षेत्रफळ होते ४७.९४ चौरस मीटर. एका चौरस मीटरचे १०.७६४ चौरस फूट होतात, म्हणजे ते ५१६ फूट झाले. एजंटने सरळ भागाकार केला. फुटाला पाच हजार आले आणि ताईच्या ४१० फुटांना त्याने गुणले. पण ते ५१६ फूट भिंती धरून मोजलेले, म्हणजे बिल्टअप होते आणि ताईचे ४१० फूट आतले, म्हणजे कार्पेट होते. जुन्या करारात बिल्टअप बहुतेक वेळा कार्पेटपेक्षा वीस टक्के जास्त धरलेले असते. त्या फ्लॅटचे कार्पेट ४३० फूट होते. मी तिथे जाऊन टेपने मोजूनही पाहिले. मग दर सहा हजार निघाला. एवढ्या एका गोष्टीने ताईच्या घराची किंमत चार लाख दहा हजारांनी बदलत होती. वस्तीचा त्यात काही संबंध नव्हता.

आता ते तीन व्यवहार आपल्या घराच्या पातळीवर आणायचे होते. पहिला फ्लॅट आमच्याच इमारतीत, तेवढ्याच ४१० फुटांचा, पण पहिल्या मजल्यावर. तो पंचवीस लाखांना गेला. लिफ्ट नसेल तर वरच्या मजल्याला किंमत कमी येते, पण किती कमी? हा आकडा मनाने धरायचा नाही. दोन वर्षांपूर्वी आमच्याच इमारतीत एका महिन्याच्या अंतराने दोन सारखे फ्लॅट विकले गेले होते. पहिल्या मजल्याचा तेवीस लाखांना, तिसऱ्याचा बावीसला. म्हणजे दोन मजल्यांचा एक लाख. पंचवीसमधून एक लाख वजा केला, चोवीस राहिले.

दुसरा व्यवहार तोच मागच्या इमारतीतला, दुसऱ्या मजल्याचा. सहा हजारांनी ४१० फुटांचे २४ लाख ६० हजार होतात. एका मजल्याचे पन्नास हजार कमी केले, २४ लाख १० हजार झाले. तिसरा फ्लॅट पलीकडच्या गल्लीतला, ४०० फूट, तिसराच मजला, लिफ्ट नाही. तो २३ लाख २० हजारांना गेला, म्हणजे फुटाला ५,८००. त्या दराने ताईच्या घराचे २३ लाख ७८ हजार होतात. तिन्ही रस्त्यांनी चालत आलो तरी चोवीस लाखांच्या आसपासच पोहोचलो. भाच्याची समोरची इमारत नवी, लिफ्ट आणि पार्किंग असलेली. तिचा भाव आपल्याला लागू नव्हता आणि तोही नुसता मागितलेला होता.

चोवीस मिळावेत अशी इच्छा असेल तर चोवीस मागून चालत नाही. घेणारा काहीतरी कमी करून घेतल्याशिवाय उठत नाही. पण वाढवायचे किती, तेही शेजारच्यांनाच विचारले. पहिल्या मजल्यावाल्यांनी साडेसव्वीस मागून पंचवीस घेतले होते. पलीकडच्या गल्लीत साडेचोवीस मागून २३ लाख २० हजार घेतले होते. दोन्हीकडे मागितलेल्या किमतीवर साडेपाच टक्क्यांच्या आसपास सुटले होते. आम्ही सव्वापंचवीस लाख सांगायचे ठरवले. पाच टक्के जागा राहिली आणि 'पंचवीसपर्यंत दाखवा' म्हणणारे गिऱ्हाईकही हातचे गेले नाही. तीस सांगितले असते तर हेच गिऱ्हाईक पायरी चढले नसते. उलट एजंटने आमचे घर दाखवून शेजारचे स्वस्त म्हणून विकले असते.

भाचा म्हणाला, "मामा, पण आईला पैसे जास्त लागतात त्याचे काय?" मी म्हणालो, "आपल्या गरजेशी घेणाऱ्याला देणेघेणे नसते. गरज खालची रेघ ठरवते, वरची रेघ शेजारचे व्यवहार ठरवतात." ताईची खालची रेघ आम्ही कागदावर लिहिली. नवे घर साडेएकवीस लाख, मुद्रांक, नोंदणी आणि सामान हलवणे धरून दोन लाख, दलाली चोवीस हजार. म्हणजे पावणेचोवीस लाख. त्याखाली उतरायचे नाही असे ठरले. हा कागद ताईच्या कपाटात राहिला. नव्या एजंटलाही तो आकडा सांगितला नाही. एजंटला आपला शेवटचा आकडा कळला की बोलणे तिथूनच सुरू होते.

तिसऱ्या आठवड्यात एक जोडपे आले. नवरा कारखान्यात, बायको अंगणवाडीत. त्यांनी बावीस सांगितले. आम्ही पावणेपंचवीस म्हणालो. ते तेवीसवर आले, आम्ही २४ लाख ४० हजारांवर. मग ते साडेतेवीस, आम्ही २४ लाख १५ हजार. पहिल्यांदा पन्नास हजार सोडले, मग पस्तीस, मग पंचवीस. पायरी लहान होत गेली की समोरच्याला आपोआप कळते की तळ जवळ आला आहे. शेवटी ते २३ लाख ८० हजारांवर अडले. ती रक्कम खालच्या रेघेच्या वर होती, पण आम्ही नुसते खाली आलो नाही. चोवीस लाख, बयाणा आठ दिवसांत, आणि सोसायटीचा ट्रान्स्फर प्रीमियम त्यांनी भरायचा, असे सांगितले. महापालिका हद्दीत सोसायटीला हा प्रीमियम पंचवीस हजारांपेक्षा जास्त घेता येत नाही, हे त्यांनाही दाखवले. त्यांनी मान्य केले.

त्यांच्या बँकेचा मूल्यमापन करणारा माणूस घर पाहून गेला आणि कर्जाला अडचण आली नाही. इथेही भावाची एक मर्यादा असते. करारातली रक्कम आणि बँकेने ठरवलेली किंमत यांत जी कमी असेल तिच्यावर बँक कर्ज देते. ताणून सत्तावीसला सौदा केला असता तर वरचे तीन लाख त्या जोडप्याला खिशातून घालावे लागले असते. नोकरदार माणसाचा सौदा नेमका तिथे मोडतो आणि तोपर्यंत आपले दोन महिने गेलेले असतात.

सांगितलेला भाव बरोबर आहे की नाही, हे पहिल्या तीन आठवड्यांत गिऱ्हाईकच सांगते. फोनच येत नसतील तर भाव जास्त आहे. माणसे घर पाहून जातात पण कोणी आकडा बोलत नाही, तर त्यांना घरात काही खटकते आहे. ओल, अंधार, जिना. ते दुरुस्त करा किंवा तेवढे कमी करा. आणि पहिल्याच दोन दिवसांत कोणी घासाघीस न करता पूर्ण भाव देऊ लागला, तर हातात बयाणा घेण्याआधी ते तीन इंडेक्स टू पुन्हा एकदा काढून, क्षेत्रफळ कार्पेट आहे की बिल्टअप, एवढे तपासून पाहा.