श्रद्धांजलीतलं क्रियापद

यवतमाळच्या यशवंत खुशाल देशपांड्यांवर एका छोट्या मंडळाच्या वार्तापत्रासाठी स्मरणलेख लिहायचं काम माझ्याकडे आलं. देशपांडे १८८४ मध्ये जन्मले आणि १९७० मध्ये गेले. पेशाने वकील, पण आयुष्यभराचा ध्यास महानुभाव पंथाच्या जुन्या मराठी ग्रंथांचा. माणूस मोठा, त्यामुळे भारी विशेषणं लगेच सुचत होती. मी अडलो ते क्रियापदापाशी. त्यांनी नेमकं काय केलं? शोधलं, उलगडलं, जमवलं की छापलं?

सगळ्यात सोपं वाक्य होतं, ‘त्यांनी महानुभावांची गुप्त लिपी उलगडली.’ वाचायला झकास आहे, पण ते श्रेय इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांना दिलं जातं. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींभोवती हा पंथ उभा राहिला आणि पुढे पंथीयांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांमध्ये लिहायला सुरुवात केली. त्यातली सगळ्यात प्रसिद्ध ती सकळ लिपी. तिची युक्ती समजायला अवघड नाही. एका अक्षराच्या जागी ठरवून दुसरं अक्षर किंवा खूण लिहायची. ज्याला किल्ली माहीत त्याला सरळ मराठी दिसते, बाकीच्यांना नुसता गोंधळ.

आता ‘उलगडली’ हा शब्दही जरा तपासून बघा. पंथातल्या महंतांना ती किल्ली कायम येत होती. पिढ्यान्‌पिढ्या ते या पोथ्या वाचत होते, नकलून ठेवत होते. कोडं होतं ते बाहेरच्यांसाठी. म्हणून श्रद्धांजलीत ‘विस्मृतीच्या गर्तेतून बाहेर काढलं’ असं लिहिलं, की ज्यांनी पोथ्या जपल्या त्यांनाच आपण विसराळू ठरवतो. धर्माच्या अभ्यासकावर लिहिताना हा धोका नेहमी असतो. ज्या लोकांचा त्याने अभ्यास केला, तेही तो लेख वाचणार असतात.

मग देशपांड्यांचं स्वतःचं काम कोणतं? यवतमाळात त्यांनी शारदाश्रम ही संस्था उभी केली आणि १९२५ मध्ये ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ हे पुस्तक आणलं. कोणते ग्रंथ आहेत, कुणाचे आहेत, कोणत्या काळातले आहेत, याचा तो आढावा. ऐकायला यादीच वाटते. पण अशी यादी करणं किती किचकट असतं ते एका उदाहरणाने सांगतो.

समजा, हातात एक पोथी आली आणि तिच्या शेवटी शक १६०० असं लिहिलंय. शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो, म्हणजे १६७८. झालं, ग्रंथ सतराव्या शतकातला? तसं नाही. ते बहुतेक वेळा नकलकाराचं साल असतं. लीळाचरित्र साधारण १२७८ च्या सुमाराचं मानतात, पण त्याची हातात पडणारी पोथी शेकडो वर्षांनी उतरवलेली असू शकते. म्हणून ग्रंथ कधी रचला हे ठरवायला मजकुरातली भाषा, त्यात आलेली माणसं, दुसऱ्या ग्रंथांतले त्याचे उल्लेख हे सगळं जुळवावं लागतं. पहिली यादी करणाऱ्याच्या मागे आधीची यादी नसते. त्याच्यापर्यंत न पोचलेली पोथी बाहेर राहते, एखादा काळ पुढे बदलावा लागतो. हेही स्मरणलेखात यावं. त्याने मान कमी होत नाही, काम किती अवघड होतं ते कळतं.

तसंच महदाइसेचं. रिद्धपूरला गोविंदप्रभूंच्या लग्नाचा खेळ मांडला गेला, तेव्हा तिने श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाची गाणी म्हटली. तेच तिचे धवळे. देशपांड्यांनी तिच्यावरच्या पुस्तकाला ‘आद्य मराठी कवयित्री’ असं नाव दिलं. त्यांनी ‘पहिली कवयित्री शोधली’ असं लिहिणं म्हणजे तिला हरवलेली मानणं. पंथात तिचं नाव होतंच. देशपांड्यांनी तिला पंथाबाहेरच्या मराठी वाचकासमोर आणलं आणि मराठी कवितेच्या इतिहासात तिची जागा कोणती ते मुखपृष्ठावरच सांगितलं.

त्याच रिद्धपुरात २०२४ मध्ये मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालं. त्याच वर्षी मराठीला अभिजात दर्जा मिळाला. त्यामुळे आज या जुन्या ग्रंथांची नावं आपल्या फोनवरही येतात. या सगळ्याचं श्रेय एकट्या देशपांड्यांना देता येणार नाही, आणि मी दिलंही नाही.

शेवटी वार्तापत्रात मी एवढंच लिहिलं: ‘महंतांनी जपलं, राजवाड्यांनी बाहेरच्यांना लिपी वाचून दाखवली आणि यवतमाळच्या या वकिलाने काय काय आहे ते एका पुस्तकात नीट मांडून ठेवलं. पुढच्या अभ्यासकाला सुरुवात कुठून करायची हे त्यांच्यामुळे कळलं.’ खाली त्यांच्या दोन्ही पुस्तकांची नावं दिली. विशेषण एकही घातलं नाही.