दुधाचा हिशोब लंगोटात

जुने शहर, अकोला
मे महिना, भर दुपार

चि. सौ. छकुली हिस,


काल फोनवरचं निम्मं बोलणं बाळाने खाल्लं आणि उरलेलं वहिनीने. म्हणून लिहायलाच बसले. प्रसूती कक्षातली नोकरी संपली तरी इथे जुन्या शहरात मी अजून सिस्टरच आहे. गल्लीतली एखादी पोरगी पदराखाली लेकरू घेऊन येते आणि तुझाच प्रश्न विचारते, "सिस्टर, मले दूधच पुरत नाही वो."

तुझी कारणंही तिच्यासारखीच आहेत. छाती मऊ पडली, पंपाने जेमतेम ३० मिलि निघालं, दूध पाण्यासारखं दिसतं आणि संध्याकाळी सहापासून नऊपर्यंत बाळ सोडायलाच तयार नसतं. यातल्या एकाही गोष्टीवरून दूध कमी आहे असं ठरत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी छाती दगडासारखी झाली होती ना, तो ताठा नुसत्या दुधाचा नव्हता, त्यात सूजही होती. दुसऱ्या आठवड्यात सूज उतरते आणि छाती मऊ लागते. दूध मात्र त्याच दिवसांत वाढत असतं. पंपाचं म्हणशील तर, बाळ ओढतं तसं पंप ओढत नाही. भरपूर दूध असलेल्या बायांचंही पंपाने कधी कधी थोडंच निघतं. सुरुवातीचं दूध पातळ असतंच. छाती रिकामी होत जाते तशी त्यात साय वाढत जाते, म्हणून दहा मिनिटं झाली की बाजू बदलायची, हा नियम सोडून दे. एक बाजू बाळाने आपणहून सोडू दे, मग दुसरी दे. आणि संध्याकाळचं ते चिकटून बसणं या वयात बहुतेक बाळं करतात. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पिणं ही हावरट बाळाची खूण नव्हे, रोजचा रतीबच तेवढा असतो.

मग बघायचं कुठे? लंगोटात आणि काट्यावर. पाचव्या दिवसानंतर बाळाने दिवसरात्रीत किमान सहा वेळा चांगली भिजेल अशी शू करायला हवी, तीही फिकट रंगाची. शी पहिले दोन दिवस काळी, चिकट असते, मग हिरवट होते आणि पाचव्या दिवसापर्यंत पिवळी, दाणेदार व्हायला हवी. पहिल्या महिन्यात अशी शी रोज तीन-चारदा होते. पोटात दूध जात नसेल तर मागून काही येणार नाही. डायपर कितीदा भिजलं ते कळत नाही, म्हणून पंधरा दिवस तरी सुती लंगोटच वापर. धुणं वाढेल, पण हिशोब दिसेल.

आता तुझ्या बाळाचे आकडे घेऊ. जन्मवजन २.९०० किलो. चौथ्या दिवशी घरी आलात तेव्हा २.६७०, म्हणजे २३० ग्रॅम घटलं, आठ टक्क्यांच्या जरा आत. तुमच्या घरात रडारड झाली ती इथेच. पण पहिल्या चार-पाच दिवसांत प्रत्येक बाळ थोडं उतरतं, सात टक्क्यांपर्यंत सहज. तुझं तर सिझर होतं. शिरेतून दिलेल्या सलाईनचं पाणी बाळातही उतरतं आणि जन्मवजन थोडं फुगवून दाखवतं. शिवाय सिझरनंतर दूध उतरायला एखादा दिवस जास्त लागतो. घट दहा टक्क्यांवर गेली असती तर मी स्वतः तुला दवाखान्यात पाठवलं असतं. अकराव्या दिवशी त्याच काट्यावर वजन आलं २.८६०. सासूबाई म्हणाल्या, "अजून जन्मावेळी होतं तेवढंही झालं नाही." खरं आहे, पण मोजायचं ते सगळ्यात खालच्या आकड्यापासून. सात दिवसांत १९० ग्रॅम, म्हणजे रोजचे सत्तावीस. या वयात रोज वीस ते तीस ग्रॅम वाढ चांगली. बाळाने जन्मवजन साधारण दोन आठवड्यांत परत गाठावं, आणि या चालीने तुझं गाठेल. तुझ्या दुधात काही कमी नाही, छकुली.

फक्त काटा बदलू नकोस. शेजारच्या दवाखान्यात झबलं, टोपडं आणि दुपट्यासकट वजन झालं की शे-दीडशे ग्रॅम फुकटचे वाढतात. पुढच्या वेळी उघडं केलं की तेच 'घटलं' म्हणून घरभर होतं. उघडं बाळ, तोच काटा, आणि आठवड्यातून एकदाच. रोज मोजलं तर एका शूने आकडा हलतो. आशाताई घरी येतात ना, तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी? या घरभेटींमागे आपल्याच विदर्भातलं काम आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने गावातल्या बायांना नवजात बाळाची तपासणी शिकवली, त्याचा अभ्यास १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला, आणि पुढे तेच देशभर गेलं. त्या वजन करायला आल्या तर 'आमचं दवाखान्यात झालं' म्हणून परत पाठवू नकोस, फक्त त्यांच्या काट्याचे आकडे वेगळे लिही.

आता खरंच दूध पुरत नसेल तेव्हा कसं दिसतं ते सांगते, कारण ते तुला वाटतं त्याच्या उलट असतं. आमच्या मागच्या बोळात गेल्या उन्हाळ्यात एक बाळंतीण आली. बाळ २.६०० किलोचं, दिवस थोडे आधीच भरलेले. घरात सगळे खूश, कारण बाळ फार शहाणं, रडत नाही, पाच-पाच तास झोपतं. पाचव्या दिवशी अंग तापलं म्हणून मला बोलावलं. उन्हाने तापलं असेल, असं आजीचं म्हणणं. लंगोट बघितला तर त्यावर विटकरी डाग. शी अजून काळीच, तीही आदल्या दिवसापासून नाही. तोंडात बोट घातलं तर कोरडं, आणि ओढणं इतकं अशक्त की दोनदा तोंड हलवून डोळे मिटले. काट्यावर २.२७०. म्हणजे ३३० ग्रॅम घटलेलं, बारा टक्क्यांहून जास्त. ते बाळ शहाणं नव्हतं, रडायची ताकद संपली होती. दूध पोटात गेलं नाही की रक्तातलं मीठ वाढतं, अंग तापतं आणि बाळ आणखी झोपाळतं. त्याच संध्याकाळी त्याला भरती केलं. सुधारलं, पण घरी यायला आठवडा लागला.

म्हणून सांगते, रडून मागणाऱ्या बाळाची मला तितकी काळजी वाटत नाही. काळजी वाटते ती उठवावं लागणाऱ्याची. सदतीस आठवड्यांच्या आत आलेलं किंवा काविळीने पिवळं पडलेलं बाळ पहिले पंधरा दिवस घड्याळ लावून दर दोन-अडीच तासांनी उठवायचं. पाचव्या दिवसानंतरही वजन उतरतच असेल, दोन आठवड्यांत जन्मवजन गाठलं नसेल, किंवा रोजची वाढ वीस ग्रॅमच्या खाली राहत असेल, तर डॉक्टरांकडे जायचं. आठ तास शू नाही, ताप आहे, पिवळेपणा पायांपर्यंत उतरला किंवा बाळ पिण्यासाठी उठतच नाही, असं असेल तर सकाळची वाट बघायची नाही.

आता तुझ्या बोंडांवरच्या चिरांकडे येते. पहिले काही सेकंद टोचणं चालतं. पण अर्ध्या मिनिटानंतरही डोळ्यांत पाणी येत असेल आणि सोडल्यावर बोंड तिरकं, चपटं दिसत असेल, तर बाळ नुसतं बोंड चावतंय. डाव्या बाजूला पाजताना बाळ उजव्या हातावर घे. तळहात त्याच्या मानेशी, अंगठा आणि बोटं दोन्ही कानांच्या खाली. डोक्यामागून ढकलू नकोस, ढकललं की ते उलटा जोर करतं. पोटाला पोट लागलेलं हवं. डाव्या हाताने छाती खालून धर, आणि वडापाव तोंडात घालताना ओठांच्या रेषेत दाबतो तशी बाळाच्या ओठांच्या रेषेत दाब. बोंड त्याच्या नाकासमोर ठेव, हनुवटी आधी छातीला टेकव, आणि जांभईएवढं तोंड उघडेपर्यंत थांब. मग छाती बाळाकडे न्यायची नाही, बाळ चटकन छातीवर आणायचं. काळा भाग वरच्या ओठाकडे जास्त दिसावा, खालच्या ओठाकडे कमी, आणि खालचा ओठ बाहेर उलटलेला हवा. आधी भराभर ओढेल, मग सावकाश, आणि गिळल्याचा हलका आवाज येईल. दुखलं तर ओढून काढू नकोस. करंगळी तोंडाच्या कोपऱ्यातून घाल, पकड सोडव आणि परत लाव. टाके दुखत असतील तर बाळाला काखेत घेऊन पाय मागे सोड. चिरांना हळद नको, साबणही नको. शेवटच्या दुधाचे दोन थेंब लाव. पकड सुधारली की चिरा भरायला लागतात. छातीवर लाल, गरम गाठ येऊन थंडी-ताप आला तर डॉक्टरांना दाखव, पण त्या बाजूने पाजणं थांबवू नकोस.

आता घरात सुचवतात त्या रात्रीच्या 'एका बाटली'बद्दल. जितकं दूध निघतं तितकं बनतं, आणि रात्री पाजण्याला तर जास्तच किंमत आहे. बाटली दिली की बाळ चार तास झोपतं, छाती भरलेलीच राहते, आणि शरीर समजतं की एवढं लागत नाही. आठवड्याभरात जी कमतरता नव्हती ती खरी होते. पण हे सांगताना मी कुणा बाळाला उपाशीही ठेवणार नाही. मागच्या बोळातल्या त्या बाळाला डॉक्टरांनी काही दिवस वरचं दूध लिहून दिलं, आणि ते योग्यच होतं. ते बोंडल्याने दिलं, आणि आईने दर तीन तासांनी हाताने काढून स्वतःचं दूधही चालू ठेवलं. पाणी घातलेलं गाईचं दूध मात्र कधीच नको. थायरॉईड, बाळंतपणात झालेला जास्त रक्तस्राव, वार पूर्ण न पडणं, अशा कारणांनी खरोखर दूध कमी असणाऱ्या बाया असतात. त्यांना लाडवांनी नाही, तपासणीने मदत होते.

अकोल्याचा पारा ४५ वर आहे आणि तुमच्या अमरावतीचाही तसाच. वहिनी चमच्याने पाणी पाजायला बघेल. सहा महिने पाणी नको, घुटी नको, आणि मधाचं बोट तर वर्षभर नको. तहान लागली तर बाळ थोड्या थोड्या वेळाने मागेल, आणि सुरुवातीचं पातळ दूध त्याचं पाणीच आहे. तू मात्र पाजायला बसताना तांब्या जवळ ठेव. डिंकाचे लाडू, अळीव खुशाल खा, पण दूध वाढेल म्हणून नव्हे. बाळंतिणीला भूक लागते म्हणून.

पुढच्या आठवड्यात त्याच काट्यावर वजन कर, अठराव्या दिवशी. ३ किलो किंवा वर दिसलं तर फोन करून फक्त आकडा सांग. ३ किलोच्या आत राहिलं तर मला फोन करण्याआधी बाळाच्या डॉक्टरांकडे जा, आणि आठवड्याच्या लंगोटांची नोंद सोबत ने. सासूबाईंना आणि वहिनीला नमस्कार सांग.

तुझी,
आत्या