आधी ‘नको’ जपून ठेवा

घोडेगावहून भीमाशंकरकडे निघाले की डिंभे धरणानंतर मोबाइलची रेंज येत-जात राहते. त्या बाजूला राहणारी आमची एक माजी विद्यार्थिनी कॉलेजातून एसटीने घरी परतायची आणि रेंज येताच फोन एकामागून एक वाजू लागायचा. एसटीतल्या एका तरुणाने कुठल्याशा ग्रुपवरून तिचा नंबर मिळवला होता. तिने त्याला लिहिले, ‘मला मेसेज करू नका.’ त्यानंतर तो दुसऱ्या नंबरवरून लिहू लागला, मग तिसऱ्यावरून. पुढे तिच्या फोटोचे एक बनावट खातेही निघाले.

घरात कळले तेव्हा भावाने तिचा फोनच काढून घेतला. अम्मी म्हणाली, “सगळं पुसून टाक. कुणी पाहिलं तर लोक काय म्हणतील?” खानदानाच्या अब्रूची काळजी आम्हाला कळते, पण पुसल्याने अब्रू वाचत नाही, पुरावा तेवढा जातो. त्यातही ती पहिली ‘नको’ची ओळ गेली असती, तर सगळ्यात मोठे नुकसान झाले असते.

याचे कारण कायद्यातच आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ नुसार, स्त्रीने स्पष्ट नकार दिल्यावरही पुरुष जवळीक साधण्यासाठी वारंवार तिचा पाठलाग करत असेल किंवा संपर्क करत असेल, तर तो गुन्हा आहे. ती इंटरनेटवर काय करते, कुणाशी बोलते यावर पाळत ठेवणे हाही त्याच कलमातला गुन्हा आहे, मग त्याने एकही मेसेज पाठवलेला नसो. एखादा साधा मेसेज या कलमात बसत नाही. अश्लील मजकूर मात्र एकदा आला तरी पुरे, त्याला वेगळी कलमे आहेत. मुलगी अठराच्या आतली असेल आणि हेतू लैंगिक असेल तर पोक्सो लागतो.

म्हणून आम्ही तिला एक वही घालायला लावली. तारीख, वेळ, कुठला नंबर किंवा खाते, काय आले, आणि एसटी स्टँडवर तो मागे आला असेल तर जवळ कोण होते. पहिली नोंद नकाराची. स्क्रीनशॉट काढताना नुसता मजकूर कापून घ्यायचा नाही, तारीख-वेळ आणि नंबर दिसला पाहिजे. तिने तो नंबर ‘त्रास’ या नावाने सेव्ह केला होता, त्यामुळे चित्रात फक्त ‘त्रास’ दिसे, नंबर नाही! बनावट खात्याची लिंकही उतरवून घेतली, कारण दाखवायचे नाव कधीही बदलता येते. व्हॉट्सअ‍ॅपच्या ‘Export chat’ने पूर्ण संभाषण वेगळे ठेवले. हे सगळे झाल्यावर मग ब्लॉक.

एवढी घाई कशासाठी, ते जानेवारी २०२२ मध्ये सगळ्यांनी पाहिले. ‘बुल्ली बाई’ नावाच्या अ‍ॅपवर मुस्लिम स्त्रियांचे फोटो ‘लिलावा’साठी टाकले गेले. अ‍ॅप लवकरच हटवले गेले, पण तोवर स्त्रियांनी स्क्रीनशॉट घेऊन ठेवले होते. मुंबई सायबर पोलिसांनी गुन्हा नोंदवून अटक केली. लावलेल्या कलमांत पाठलागाचे जुने कलम ३५४-ड हेही होते.

पण स्क्रीनशॉट ही नक्कल आहे. जालन्याच्या निवडणूक वादातील अर्जुन खोतकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितले की इलेक्ट्रॉनिक पुराव्याची नक्कल द्यायची तर कायद्याने ठरवलेले प्रमाणपत्र जोडावे लागते. मूळ उपकरणच त्याच्या मालकाने साक्षीला उभे राहून हजर केले, तर त्याची गरज नसते. तेव्हा तो जुना फोन विकू नका, रिसेटही करू नका.

तक्रार द्यायला गेलो तेव्हा ठाण्यातील अंमलदार म्हणाले, “नंबर ब्लॉक करा, अर्ज देऊन जा.” अर्ज म्हणजे एफआयआर नव्हे, आणि एनसीही नव्हे. कलम ७८ चा गुन्हा दखलपात्र आहे. तो कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो, स्त्रीचा जबाब महिला अधिकाऱ्याने लिहून घ्यायचा असतो आणि एफआयआरची प्रत मोफत मिळते. cybercrime.gov.in वरही तक्रार करता येते. आम्ही वहीच्या पानांच्या प्रतींसह तोच मजकूर पोलीस अधीक्षकांना पोस्टाने पाठवला, कायद्यात तशी तरतूद आहे. मग गुन्हा नोंदला गेला.

पहिल्या वेळी हा गुन्हा जामीनपात्र असतो, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. म्हणजे तो लवकरच पुन्हा त्याच एसटीत दिसू शकतो, हे आम्ही तिच्या अब्बांना आधीच सांगून ठेवले. एकदा शिक्षा होऊन पुन्हा तेच केले, तर मात्र गुन्हा अजामीनपात्र होतो आणि शिक्षा पाच वर्षांपर्यंत जाते. खटला चालू आहे. वही अजून तिच्या दप्तरात असते, आता एसटीचा नंबरही ती त्यात लिहिते.